आधी कॉक, मग क्लिप

पोरी, परवा फोनवर घाईघाईत जे सांगितलं ते आता नीट लिहून पाठवतोय. हा कागद मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेव, कारण याची गरज पुन्हा पडणार आहे. तुमची सोसायटी चाळीसेक वर्षांची, पाइप सगळे जी.आय.चे, म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा दिलेले. असा पाइप एका ठिकाणी सुईच्या टोकाएवढा फुटला, तर त्याच वयाचे बाकीचे पाइपही आतून तसेच झालेले असतात.

का फुटतो ते आधी समजून घे, म्हणजे शोधायचं कुठे ते आपोआप कळेल. जस्त शिल्लक असतं तोवर पाणी आधी जस्त खातं आणि लोखंड वाचतं. जस्त संपलं की आतून गंज धरायला लागतो. तो सगळीकडे सारखा धरत नाही. एखादी जागा पकडतो आणि तिथेच खड्डा पाडत खोल जातो. अर्ध्या इंची मध्यम जाडीच्या पाइपाची भिंत नवीन असताना साधारण २.६ मिलिमीटर असते. जोडासाठी त्यावर आटे पाडले की एक मिलिमीटरहून थोडं जास्त लोखंड कापलं जातं, उरतं जेमतेम दीड. शिवाय आटे पाडताना तिथलं जस्तही निघून जातं. म्हणून एल्बो, टी, सॉकेट यांच्या आसपास पाइप आधी कुजतो. पितळेचा कॉक लोखंडी पाइपाला थेट जोडलेला असेल तर त्या जोडाजवळचं लोखंड आणखी लवकर जातं. जिथे पाइप भिंतीत शिरतो आणि प्लॅस्टर कायम ओलं राहतं, तिथे तो बाहेरूनही सडतो. आडव्या पाइपात गाळ तळाशी बसतो, म्हणून आडव्याचं भोक बऱ्याचदा खालच्या अंगाला, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला असतं.

मी कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये लागलो तेव्हा आमच्या बुजुर्ग फिटरनं पहिल्यांदा शिकवलेली गोष्ट हीच होती, की ओलं दिसतं तिथे भोक असेलच असं नाही. पाणी पाइपाला धरून खाली ओघळतं आणि एल्बोच्या पोटाशी येऊन टपकतं. बघणारा एल्बोलाच दोष देतो. तू काय करायचंस, तर पाइप फडक्यानं पुसून कोरडा करायचा आणि त्यावर वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळायची. कागद वरून खाली बघत राहायचं. जिथे पहिला काळा डाग पडेल तिथे किंवा त्याच्या जराशा वर भोक आहे. खडूनं किंवा पेन्सिलीनं तिथे खूण कर. पाइप ओला झाला की नंतर ती जागा सापडत नाही.

परवा तुझ्या बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे तसंच होतं. तू म्हणत होतीस एल्बो गळतोय. कागद लावल्यावर कळलं की भोक एल्बोच्या चार बोटं वर, उभ्या पाइपाच्या मागच्या अंगाला आहे. त्यानं आपलं काम सोपं झालं. एल्बोवर क्लिप बसत नाही, सरळ पाइपावर बसते.

भोक सापडलं की लगेच तिथे नख लावावंसं वाटतं, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून बघावंसं वाटतं. ते करायचं नाही. भोकाभोवती गंजाचा जो फुगवटा दिसतो तो बऱ्याचदा तिथलं बूच असतं. त्याच्या खाली पाइपाची भिंत कागदाएवढी उरलेली असू शकते. खरवडलंस तर थेंबाची चिळकांडी होते आणि टोचलंस तर पेन्सिल जाईल एवढं भोक पडतं. आगपेटीची काडी तासून भोकात ठोकायची जुनी खोड आहे, तीही अशा कुजलेल्या पाइपात नको. काडी आत जाते आणि सोबत कडेचं लोखंडही आत घेऊन जाते.

आता पाणी बंद करणं. हे सगळ्यात आधी, बाकी सगळं नंतर. जवळ स्विचबोर्ड किंवा मशीनचा प्लग असेल तर त्याहीआधी त्या भागाचा मेन स्विच पाड, पण ओल्या हातानं किंवा पाण्यात उभं राहून नाही. गिझरचं बटण बंद कर. त्याला येणारं पाणी बंद होणार आहे आणि तो सुरू राहता कामा नये.

तुझ्या घराचा कॉक गच्चीवर आहे आणि त्या लाइनवर तुझ्या वरखालची घरंही आहेत. म्हणून बंद करण्याआधी त्यांना सांग, बादल्या भरून घ्या म्हणावं. त्यांनी न सांगता चालू केला तर तुझी सगळी मेहनत वाया. कॉकला एखादी चिठ्ठी सुतळीनं बांधून ठेव. गोल चाकाचा जुना गेट व्हॉल्व असेल तर तो हातानं जेवढा फिरेल तेवढाच फिरव. पान्याचा जोर दिलास तर आतला दांडा तुटतो आणि मग तो व्हॉल्व ना उघडत ना मिटत. असे जुने व्हॉल्व बंद केल्यावरही थोडं पाणी सोडत राहतात. त्याला इलाज एकच. गळतीच्या खालचा, त्याच लाइनवरचा नळ उघडा ठेवायचा. पाइपात जे काही झिरपतं ते त्या नळातून जातं आणि भोकापर्यंत दाब चढत नाही.

पाणी बंद करायला आळस करू नकोस म्हणून एक हिशेब देतो. दाब कशानं येतो, तर टाकीच्या उंचीनं. १० मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे १ किलो, हे मोजमाप लक्षात ठेव. तू तिसऱ्या मजल्यावर, वर एक मजला, गच्ची आणि गच्चीवरची टाकी. म्हणजे तुझ्या पाइपावर साधारण साडेसात मीटर पाणी उभं आहे, दाब पाऊण किलो. तळमजल्यावरच्या घरात तोच दाब दीड-पावणेदोन किलो असतो. पाऊण किलोलासुद्धा दीड मिलिमीटरच्या भोकातून तासाला पंचेचाळीस-पन्नास लिटर पाणी जातं. पंधरा लिटरची बादली वीस मिनिटांत भरते. रात्री खाली बादली ठेवून झोपलीस तर सकाळी खालच्या मजल्यावरचे लोक वर येतील.

त्याच हिशेबाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि तो फार थोड्या लोकांना माहीत असतो. पाऊण किलोचा दाब त्या दीड मिलिमीटरच्या तोंडावर एकूण किती जोर लावतो? तेरा-चौदा ग्रॅम. एवढ्याशा जोराला अडवायला काही ताकद लागत नाही. पण पाणी एकदा का चिकटवलेल्या वस्तूच्या खाली शिरून पसरलं, समजा एक इंच लांब-रुंद जागेत पसरलं, की तोच दाब आता सव्वासहा-साडेसहा चौरस सेंटिमीटरवर लागतो आणि जोर पावणेपाच-पाच किलो होतो. कुठलीही टेप, कुठलाही लेप त्यानं उचलला जातो. म्हणून सगळी युक्ती भोकाच्या तोंडावरच पाणी अडवण्यात आहे. भोवती कितीही जाड गुंडाळलंस आणि नेमक्या तोंडावर दाब नसला, तर पाणी खालून वाट काढणारच. इन्सुलेशन टेप आणि टेफ्लॉन टेप याच कारणानं भोकावर चालत नाहीत. टेफ्लॉन आट्यांसाठी असते. तिची भोकावर शंभर वेटोळी घातली तरी पाणी तिच्या खालून वाट काढतं आणि गळतंच.

तोंडावर नेमका दाब देणारी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे होज क्लिप आणि खाली रबर. होज क्लिप म्हणजे गॅसच्या नळीला बसवतात तसली, स्क्रूनं आवळायची पत्र्याची कडी, फक्त मापानं मोठी. हार्डवेअरच्या दुकानात पाइपाचं माप सांगताना लोक फसतात. ‘अर्धा इंच’ हे पाइपाचं नाव आहे. बाहेरून मोजलास तर तो २१ मिलिमीटरच्या थोडा वर भरतो. पाऊण इंची बाहेरून २७ च्या आसपास आणि एक इंची ३४ च्या आसपास. त्यावर रबराचे दोन थर आले की अर्ध्या इंचीला २५ मिलिमीटर आत मावेल अशी क्लिप लागते. दुकानदाराला पाइपाचं नाव सांगू नकोस, आतली मोकळी जागा किती हवी ते सांग. तीन क्लिपा घे. स्टीलच्या घे, साध्या पत्र्याच्या दोन पावसाळ्यांत गंजतात. जोडून बसलेल्या पाइपावर ती कडी घालायची कशी, असं तू विचारलंस. स्क्रू पूर्ण मागे घे, पट्टी सुटून सरळ होते. पाइपाभोवती फिरवून टोक पुन्हा स्क्रूखाली सारायचं.

रबर सायकलच्या जुन्या ट्यूबचं. सायकलवाला फुकट देतो. ट्यूब लांबीनं चिरली की रुंद पट्टा मिळतो. त्यातून तीन इंच रुंद आणि सहा इंच लांब तुकडा काप, म्हणजे अर्ध्या इंची पाइपाला बरोबर दोन वेढे बसतात. पंक्चरचं ठिगळ किंवा व्हॉल्व जिथे आहे तो भाग घेऊ नकोस. आतली पावडर ओल्या फडक्यानं पुसून वाळव.

पाइप आता मोकळा, पाणी बंद, खालचा नळ उघडा. भोकाच्या वरखाली दोन-दोन इंच पॉलिश पेपर फिरव. हेतू पाइप चकचकीत करण्याचा नाही. रंगाचे पोपडे, चुन्याचे डाग आणि सुटे गंजाचे कण गेले पाहिजेत, म्हणजे रबर सपाट बसेल. भोकावरून पेपर नेताना हात हलका ठेव. गंजाचा फुगवटा एवढा उंच असेल की रबर त्यावर तंबूसारखं उभं राहील, तर त्याची टोकं तेवढी पेपरनं हळूहळू खाली आण. इथे कानस नको.

रबराचं पहिलं टोक भोकाच्या विरुद्ध बाजूला धर आणि तिथून गुंडाळायला सुरुवात कर. टोक भोकावर आलं तर रबराच्या त्या पायरीशीच फट राहते आणि पाणी तिथूनच निघतं. गुंडाळताना रबर ओढून ताणलेलं हवं, ढिलं नको. मग पहिली क्लिप बरोबर खुणेवर. तिचा स्क्रू भोकाच्या विरुद्ध बाजूला ठेव. स्क्रूच्या घरट्याखाली पट्टीचा दाब सारखा येत नाही. पट्टीचा सपाट भाग भोकावर आला पाहिजे. ही मधली क्लिप आधी आवळायची. उरलेल्या दोन रबराच्या दोन्ही कडांजवळ, त्या नंतर आणि त्याहून किंचित हलक्या. त्यांचं काम रबर जागेवर धरायचं आहे.

किती आवळायचं हा खरा प्रश्न. वर सांगितलं तसं, अडवायचा जोर काही ग्रॅमांचा आहे. रबर पट्टीच्या दोन्ही कडांना किंचित फुगलेलं दिसलं की थांब. त्यापुढे स्क्रू ड्रायव्हरला जोर देऊन अर्धा फेरा आणखी घ्यावासा वाटतो, तिथेच जुना पाइप आत दबतो. दबला हे कसं ओळखायचं? स्क्रू घट्ट होत होता तो अचानक हलका झाला, तर खाली लोखंड बसलंय. मग पुढे फिरवायचं नाही. आहे तिथेच ठेवायचं आणि पाणी बंद ठेवून प्लंबरची वाट बघायची.

दुकानात दोन अर्धगोलांचा, आत रबर लावलेला आणि बोल्टनं आवळायचा तयार रिपेअर क्लॅम्पही मिळतो. मिळाला तर तो उत्तम, कारण त्याचा दाब सगळीकडून सारखा येतो. त्याचे बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर रबर तिरकं होतं आणि न आवळलेल्या बाजूनं गळतं. पण रविवारी संध्याकाळी योग्य मापाचा क्लॅम्प मिळेलच असं नाही, ट्यूब आणि क्लिपा मात्र कुठेही मिळतात.

आता कॉक उघडताना घाई नको. खालचा नळ उघडाच ठेव आणि कॉक आधी थोडासा उघड. पाइपात हवा भरलेली असते, ती फस्स करत नळातून निघू दे. पाणी सरळ यायला लागलं की नळ सावकाश बंद कर. एकदम उघडलंस तर पाण्याचा ठोका बसतो आणि तो नेमका सगळ्यात कुजलेल्या जागी बसतो. पहिलं पाणी तांबडं येईल, गंजाचे कणही येतील. मशीनच्या नळीची आणि शॉवरची जाळी आधी काढून ठेवलीस तर नंतर साफ करत बसावं लागणार नाही.

दुरुस्ती धरली की नाही हे लगेच कळत नाही. रबराच्या खालच्या कडेला कोरड्या टिश्यूची पट्टी बांध. पाच मिनिटांनी बघ, तासानं बघ आणि सकाळी टाकी पूर्ण भरल्यावर बघ. टाकी भरलेली असताना दाब थोडा जास्त असतो. टिश्यू ओला दिसला तर आणखी आवळायच्या भानगडीत पडू नकोस. पाणी बंद कर, रबर सोड आणि पाइपाचा पृष्ठभाग बघ. बहुतेक वेळा रंगाचा पोपडा किंवा खाच राहिलेली असते, तिच्यातून पाणी रबराखालून वाहत असतं. साफ करून रबराचा ताजा भाग लावायचा.

परवा तुझ्याकडे पहिल्या वेळी हेच झालं. तू क्लिप आवळत होतीस आणि थेंब थांबत नव्हते. मी सोडायला सांगितलं. आत ऑइलपेंटची एक कड तशीच होती, तिच्या बाजूबाजूनं पाणी खाली येत होतं. पेपर फिरवून पुन्हा बांधलं तेव्हा मधल्या क्लिपला आधीपेक्षा कमी जोर लागला आणि टिश्यू सकाळपर्यंत कोरडा राहिला.

एपॉक्सी पुट्टी, म्हणजे आपण सगळे ज्याला एम-सील म्हणतो ते, कधी वापरायचं? क्लिप बसतच नाही तिथे. भोक एल्बोला अगदी चिकटून असेल, पाइप भिंतीला लागून असेल आणि मागून पट्टी जात नसेल, तर पुट्टी. जिथे क्लिप बसते तिथे मी पुट्टी लावू देत नाही. त्याला कारण आहे. क्लिप पाच मिनिटांत सोडता येते. पुट्टी आट्यांवर किंवा युनियनच्या नटावर चढली की प्लंबरला तिथे पाना लावता येत नाही. मग तो छिन्नी-हातोडा काढतो आणि एका भोकासाठी आणखी दोन जोड हलतात. म्हणून पुट्टी लावायचीच वेळ आली तर ती पाइपाच्या अंगावर लाव, नटावर आणि जोडाच्या तोंडावर जमेल तितकी येऊ देऊ नकोस.

पुट्टीला क्लिपपेक्षा एक जास्तीची अट आहे, जागा खरोखर कोरडी हवी. वाहत्या किंवा पाझरत्या पाण्यावर ती लावली की बाहेरून घट्ट दिसते. पण घट्ट होत असतानाच आतून पाणी बारीक वाट कोरत येतं आणि तासाभरानं त्याच जागी नवं भोक दिसतं, यावेळी पुट्टीत. पाण्याखाली किंवा ओल्यावर धरणारे खास प्रकारही मिळतात, पण त्यांनासुद्धा दाबानं बाहेर येणारं पाणी झेपत नाही. तुझा गच्चीवरचा व्हॉल्व पूर्ण मिटत नसेल तर पुट्टीचा नाद सोड.

पाइप पुसून वाऱ्यावर वाळू दे. सगळीकडे पॉलिश पेपरनं खरखरीत कर, गुळगुळीतवर पुट्टी धरत नाही. ओशट हात त्याला लावू नकोस. दोन्ही पुड्यांतलं पीठ सारखं घे. डोळ्यानं सारखं दिसलं की चालतं, पण एक दुप्पट आणि एक निम्मं असं करू नकोस, ते कधीच नीट घट्ट होत नाही. हातात प्लॅस्टिकची पिशवी किंवा मोजे घालून मळ. त्यातल्या हार्डनरनं कातडीला खाज सुटते आणि काहींना पुरळ येतो. दोन रंगांचे पट्टे पूर्ण जाऊन एकच रंग येईपर्यंत मळायचं. पट्टे दिसत असताना लावलेली पुट्टी मध्ये मध्ये मऊच राहते. पाकीट जुनं असेल आणि पीठ कोरडं, भुसभुशीत झालं असेल, तर फेकून नवीन आण.

आधी ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा भोकाच्या तोंडावर अंगठ्यानं दाबून बसव. हे विसरायचं नाही, वरचा हिशेब आठव. मग त्यावर जाडसर पट्टी लाव, भोकावर अर्धा इंच जाड आणि कडांना उतरती, भोकाच्या वरखाली इंच-दीड इंच जाईल अशी. जमलं तर ती पाइपाभोवती पूर्ण फिरव. नुसतं एका बाजूला लावलेलं ठिगळ कडेनं उचललं जातं, पूर्ण कडं झालं की ते स्वतःलाच धरून राहतं. कडा ओल्या बोटानं पाइपात विरवून घे. मग हात बाजूला. साध्या प्रकाराला दगड व्हायला तास-दीड तास लागतो, थंडीत जास्त. झटपटवाले काही मिनिटांत घट्ट होतात, पण ते मळायलाही तेवढाच कमी वेळ देतात. पाकिटावरची वेळ वाच आणि वरून थोडी जास्तच धर. नख रुतत नाही तोवर कॉकला हात लावायचा नाही. शक्य असेल तर रात्रभर सोड आणि सकाळी पाणी सुरू कर.

सगळ्या पाइपांना हे चालत नाही. नव्या घरांतला फिकट पिवळसर सी.पी.व्ही.सी. पाइप क्लिपनं फार आवळला तर तडकतो, म्हणून तिथे रबर जास्त आणि जोर कमी. हिरवा किंवा पांढरा पी.पी.आर. पाइप असेल तर त्यावर पुट्टी मुळीच चिकटत नाही, कितीही घासलं तरी. गिझरच्या गरम पाण्याच्या पाइपावरही पुट्टीपेक्षा क्लिप बरी, कारण पाइप गरम-गार होत राहतो आणि पुट्टीची कड सुटत जाते. भिंतीच्या आतला पाइप गळत असेल तर बाहेरून काहीच करता येत नाही, पाणी बंद ठेवणं एवढंच. आणि स्वयंपाकघरात येणारा गॅसचा पाइप लोखंडी असतो, दिसायलाही असाच असतो. तिथे रबर, क्लिप, पुट्टी यातलं काहीही करायचं नाही. व्हॉल्व बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात न लावता बाहेर पडायचं आणि गॅसवाल्यांना बाहेरून फोन करायचा.

प्लंबर आल्यावर त्याला खूण दाखव आणि काय लावलंय ते सांग. तो म्हणेल, मस्त धरलंय, राहू द्या. ऐकू नकोस. सायकलची ट्यूब पाइपावर महिनोन्‌महिने राहते हे खरं, पण तिच्या खाली गंज चालूच असतो आणि क्लिपच्या पट्टीखाली ओल साठून तो आणखी वाढतो. त्याला कापलेला तुकडा तुला दाखवायला सांग. आतून कडेला बघ. आत गंजाचे गड्डे साचून पाणी जायची वाट करंगळीएवढीच उरली असेल, किंवा भिंत कुठे जाड कुठे पत्र्याएवढी असेल, तर एवढा तुकडा बदलून भागणार नाही. त्या कॉकपासून बाल्कनीपर्यंतचा पूर्ण उभा भाग बदलायला घे. शेजाऱ्यांचीही तीच लाइन आहे, खर्च वाटून होईल, सेक्रेटरींशी आधीच बोल.

आणखी एक. जुना पाइप सोडवताना त्याला दोन पाने लावायला सांग, एक फिरवायला आणि दुसरा मागचा जोड घट्ट धरायला. एकाच पान्यानं जोर काढला की वरचा किंवा भिंतीतला एल्बो हलतो आणि आठ दिवसांनी तिथे गळायला लागतं. जिथे नवं सी.पी.व्ही.सी. जुन्या लोखंडाला जोडणार असेल तिथे पितळी आट्यांचा जोड मागून घे, नुसत्या प्लॅस्टिकच्या आट्यांचा नको. आणि मध्ये एक युनियन आणि तुझ्या घरापुरता एक बॉल व्हॉल्व बाल्कनीतच बसवून घे, हाताला येईल अशा उंचीवर. पुढच्या वेळी गच्चीवर धावायचं किंवा वरच्या काकूंच्या बादल्या भरायची वाट बघायचं कारण उरणार नाही.